फ्लॅट १२ टक्के की घटत्या शिलकीवर १४ टक्के? हप्त्याच्या कर्जाचा खरा दर काढण्याची रीत

मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबात व्याजाची पहिली ओळख बहुधा पीक कर्जातून होते, नाहीतर सावकाराच्या शेकड्यातून. या दोन्ही व्यवहारांत मुद्दल शेवटपर्यंत जसेच्या तसे अंगावर राहते आणि हंगाम संपल्यावर किंवा मुदत भरल्यावर एकरकमी परत जाते. सावकाराने शेकडा दोन रुपये महिना सांगितले, तर दहा हजारांवर महिन्याला दोनशे आणि वर्षाला चोवीसशे रुपये व्याज होते. म्हणजे दर वर्षाला २४ टक्के. हा दर जाचक असला तरी त्याचा हिशोब फसवा नाही, कारण ते दहा हजार रुपये वर्षभर खरोखरच कर्जदाराच्या हातात असतात.

गडबड होते ती हाच सवयीचा हिशोब हप्त्याच्या कर्जाला लावल्यावर. दुचाकी, जुना ट्रॅक्टर, फ्रीज किंवा दुकानातला माल हप्त्यावर घेतला की मुद्दल दर महिन्याला थोडे थोडे परत जाऊ लागते. व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण मुद्दलावर शेवटच्या हप्त्यापर्यंत आकारले, तर त्याला फ्लॅट व्याज म्हणतात. दर महिन्याला जेवढे मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज आकारले, तर ते रिड्यूसिंग, म्हणजे घटत्या शिलकीवरील व्याज होय. टक्क्याचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण त्यातून निघणारे रुपये सारखे नसतात. पहिल्यांदा हप्त्याचे कर्ज घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी हा फरक स्वतः मोजून पाहावा, यासाठी हा लेख आहे. सोयीसाठी सगळा हिशोब एकाच दुचाकीच्या कर्जावर केला आहे. ट्रॅक्टरच्या सहामाही हप्त्यासाठी त्यात थोडा बदल करावा लागतो, तो ओघात सांगितला आहे.

पहिली पायरी : हप्ता कोणत्या रीतीने बसवला ते ओळखणे

औसा तालुक्यातल्या एका तरुणाने सोयाबीन विकून आलेल्या पैशातून लातूरच्या शोरूममध्ये काही रक्कम रोख भरली आणि उरलेल्या ७२,००० रुपयांसाठी कर्ज घ्यायचे ठरवले, असे समजू. शोरूममध्येच टेबल टाकून बसलेला फायनान्स कंपनीचा प्रतिनिधी त्याला म्हणतो, “दादा, फक्त बारा टक्के व्याज आहे, म्हणजे महिन्याला एकच टक्का. दोन वर्षांची मुदत, हप्ता ३,७२० रुपये.” त्याच वेळी गावाजवळच्या बँकेने त्याला १४ टक्के दर सांगितलेला असतो. बँकेत कागदपत्रांसाठी दोन-तीन खेपा माराव्या लागणार, शिवाय दरही दोन टक्क्यांनी जास्त. त्यामुळे तो शोरूममध्येच सही करतो.

प्रतिनिधीने सांगितलेला हप्ता कसा आला हे कोणत्याही साध्या कॅल्क्युलेटरवर पाहता येते. ७२,००० रुपयांवर १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ८,६४० रुपये आणि दोन वर्षांचे १७,२८० रुपये होते. हे व्याज मुद्दलात मिळवले की ८९,२८० रुपये होतात आणि त्याला २४ ने भागले की बरोबर ३,७२० रुपये येतात. मुद्दल गुणिले दर गुणिले वर्षे, त्यात मुद्दल मिळवून भागिले हप्ते, एवढ्या साध्या आकडेमोडीने सांगितलेला हप्ता तंतोतंत जुळला, तर तो दर फ्लॅट आहे असे खुशाल समजावे. घटत्या शिलकीचा हप्ता या रीतीने कधीच जुळत नाही, तो यापेक्षा कमी येतो.

बँकेचे १४ टक्के घटत्या शिलकीवरचे असतील, तर त्याच ७२,००० रुपयांना त्याच २४ महिन्यांसाठी हप्ता सुमारे ३,४५७ रुपये बसतो आणि दोन वर्षांचे एकूण व्याज साधारण १०,९७० रुपये होते. म्हणजे “महाग” वाटणाऱ्या १४ टक्क्यांत जेवढे व्याज जाते, त्यापेक्षा सुमारे ६,३०० रुपये अधिक “स्वस्त” १२ टक्क्यांत जातात. नुसते दर समोरासमोर ठेवून कर्ज निवडणाऱ्याची चूक होते ती इथेच. रक्कम आणि मुदत सारखी ठेवून दोन्ही ठिकाणचा हप्ता विचारला असता, तरी त्या तरुणाला महाग कर्ज कोणते ते लगेच कळले असते.

फरक नेमका कुठे पडतो

३,७२० रुपयांच्या हप्त्यात फ्लॅट हिशोबाप्रमाणे ३,००० रुपये मुद्दलाचे आणि ७२० रुपये व्याजाचे धरलेले असतात. पहिल्या महिन्यात ७२,००० रुपये वापरायला मिळाले होते, तेव्हा ७२० रुपये म्हणजे खरोखरच महिन्याला एक टक्का झाला, आणि तोवर प्रतिनिधीचे म्हणणे बरोबर आहे. पण बारा हप्ते फिटल्यावर याच हिशोबाने निम्मे मुद्दल परत गेलेले असते आणि तेराव्या महिन्यात हातात ३६,००० रुपयेच उरतात. व्याज मात्र तेच ७२० रुपये, म्हणजे महिन्याला दोन टक्के. शेवटच्या महिन्यात तर फक्त ३,००० रुपये शिल्लक असतात आणि त्यावरही ७२० रुपयेच द्यावे लागतात. हा दर एका महिन्याला २४ टक्के पडला. चार एकर शेत खंडाने घेऊन हंगामागणिक एकेक एकर मालकाला परत करत जावे आणि शेवटच्या एकरालाही खंड चार एकरांचाच भरावा, असा हा व्यवहार आहे. शेताच्या बाबतीत असला करार कोणी मान्य करणार नाही, पण पैशाच्या बाबतीत तो रोज मान्य होतो, कारण हप्त्याचा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच दिसतो आणि त्याच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही.

दोन वर्षांतल्या सगळ्या महिन्यांची शिल्लक मांडली, तर पहिल्या महिन्यात ७२,००० आणि शेवटच्या महिन्यात ३,००० असल्यामुळे सरासरी ३७,५०० रुपये येते. म्हणजे कर्जदाराने सरासरी ३७,५०० रुपयेच वापरले आणि त्यासाठी वर्षाला ८,६४० रुपये व्याज दिले. हा दर २३ टक्क्यांच्या आसपास जातो. काटेकोर हिशोबात तो थोडा कमी, २१.५७ टक्के निघतो. याचे कारण असे की घटत्या शिलकीच्या पद्धतीत सुरुवातीच्या हप्त्यांतून व्याजाचा वाटा जास्त आणि मुद्दलाचा कमी कापला जातो, त्यामुळे शिल्लक सरळ रेषेत न घटता आधी हळू आणि नंतर भराभर घटते. तरीही कागद-पेन्सिलीने केलेला अंदाज खऱ्या दराच्या पुष्कळ जवळ नेतो, आणि शोरूममध्ये उभ्या उभ्या निर्णय घ्यायचा असेल तर तेवढा पुरतो.

दुसरी पायरी : खरा दर काढणे

घाईच्या वेळी एक ठोकताळा वापरता येतो. एक ते पाच वर्षांच्या मासिक हप्त्याच्या कर्जात फ्लॅट दराला १.७ ते १.८ ने गुणले की घटत्या शिलकीवरचा दर साधारण मिळतो. फ्लॅट १२ टक्क्यांचा खरा दर दोन वर्षांच्या मुदतीला सुमारे २१.६, तीन वर्षांना २१.२ आणि पाच वर्षांना २०.३ टक्के येतो. मुदत लांबली की गुणक थोडा उतरतो, पण यावरून लांब मुदत स्वस्त पडते असे समजू नये, कारण एकूण व्याजाचे रुपये मुदतीबरोबर वाढतच जातात. दोन-चार हप्त्यांच्या अगदी छोट्या कर्जाला हा ठोकताळा लागू पडत नाही, तिथे गुणक बराच कमी असतो.

अचूक दर हवा असेल तर मोबाइलवरच्या गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये एका रिकाम्या चौकटीत पुढील सूत्र लिहावे. कंसातला पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता आणि तिसरा मिळालेली रक्कम. हप्ता खिशातून जातो म्हणून त्याच्या आधी वजा चिन्ह द्यावे लागते आणि ते विसरले तर उत्तराऐवजी चूक दाखवली जाते.

```
=RATE(24,-3720,72000)*12
```

उत्तर ०.२१५७ असे आले तर ते २१.५७ टक्के वाचावे. शेवटी १२ ने गुणले आहे, कारण सूत्र एका हप्त्याच्या काळाचा दर देते आणि आपला हप्ता मासिक आहे. आकडे लिहिताना हजारांचे स्वल्पविराम टाकू नयेत, नाहीतर सूत्र ते वेगवेगळे आकडे समजते.

ट्रॅक्टरच्या कर्जात हप्ता अनेकदा सुगीच्या हिशोबाने सहामाही असतो, तेव्हा १२ ऐवजी २ ने गुणायचे. पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅटने घेतले, तर व्याज २,२५,००० रुपये होते, दहा सहामाही हप्ते प्रत्येकी ७२,५०० रुपयांचे पडतात आणि `=RATE(10,-72500,500000)*2` या सूत्रातून दर १४.८ टक्के निघतो. एक आकडी दर ऐकून खूश झालेल्या माणसाने एवढे करून पाहायला हरकत नसावी.

तिसरी पायरी : हातात किती पडले ते धरणे

आतापर्यंत आपण पूर्ण ७२,००० रुपये मिळाले असे धरले. प्रत्यक्षात त्यातून फाईल चार्ज किंवा प्रोसेसिंग फी कापली जाते आणि तीवर जीएसटी लागतो. आपल्या उदाहरणात फी अडीच टक्के, म्हणजे १,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३२४ रुपये जीएसटी असेल, तर कर्जदाराच्या कामी ६९,८७६ रुपयेच येतात. हप्ता मात्र ७२,००० वरचाच, म्हणजे ३,७२० रुपये भरायचा असतो. सूत्रात तिसऱ्या जागी 69876 लिहिले की दर २४.७ टक्क्यांवर जातो. बारा टक्क्यांपासून सुरू झालेला आकडा, एकही छुपी अट नसताना, दुपटीच्या वर पोहोचला. कर्जाबरोबर गळ्यात घातलेला विमा, कागदपत्रांचा खर्च असे जे जे कर्जासाठी भरावे लागते, ते सगळे याच पद्धतीने वजा करून पाहावे.

“पहिला हप्ता आजच भरा, पुढे २३ राहतील” असे कोणी म्हटले, तर तोही खर्चच आहे. मिळालेल्या ७२,००० पैकी ३,७२० रुपये त्याच दिवशी परत गेले, म्हणजे कर्ज प्रत्यक्षात ६८,२८० रुपयांचे झाले आणि हप्ते २३ उरले. फी न धरताही हा दर सुमारे २३.६ टक्के होतो. गाडीच्या आनंदात ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

चौथी पायरी : कागदावरचा योग्य आकडा वाचणे

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचे मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक झाले. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, म्हणून मराठीतले पत्रक मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. या दरात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी आणि विम्यासारखे तिसऱ्या संस्थेसाठी घेतलेले खर्चही धरावे लागतात. आपण तिसऱ्या पायरीत काढला तो २४.७ टक्क्यांचा दर नेमका हाच आहे. पत्रकासोबत हप्त्यागणिक व्याज किती आणि मुद्दल किती हे दाखवणारे परतफेडीचे वेळापत्रकही द्यायचे असते.

दोन कर्जांची तुलना करताना एपीआरशी एपीआर ताडून पाहावा. तोंडी दर बाजूला ठेवावा. प्रतिनिधी बारा म्हणतो आणि पत्रकात व्याजदर २१.५७ छापलेला आहे असे दिसले, तर तो छपाईचा दोष नाही. तोंडी सांगितलेला दर फ्लॅट होता आणि पत्रकातला घटत्या शिलकीवरचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी “ते फक्त सिस्टिममधले आकडे असतात, तुमचा हप्ता तोच राहणार” असे उत्तर मिळते. त्यातले हप्त्याबद्दलचे विधान खरे असते, म्हणूनच ते पटते. फ्लॅट पद्धतीने हप्ता बसवणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे, पण त्या दराची तुलना बँकेच्या दराशी होऊ देणे ही कर्जदाराची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हे पत्रक मिळाल्यावर कर्जदाराला विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि तेवढे दिवस त्यातल्या अटी कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक राहतात. “ऑफर आज संध्याकाळपर्यंतच” या दडपणाला हे पुरेसे उत्तर आहे. तसेच पत्रकात न दाखवलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे घेता येत नाही.

पतसंस्थांची गोष्ट वेगळी आहे. त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, म्हणून वरील पत्रक त्यांच्याकडून मिळेलच असे धरून चालू नये. तिथे सहीपूर्वी परतफेडीचे वेळापत्रक लेखी मागावे आणि व्याजाच्या रकान्यावर वरून खाली नजर फिरवावी. आकडा दर हप्त्याला कमी होत गेला तर पद्धत घटत्या शिलकीची, शेवटपर्यंत एकच राहिला तर फ्लॅट. वर्षभर एकच राहून वर्षाअखेरीस एकदम उतरत असेल, तर शिल्लक वर्षातून एकदाच घटवली जाते. ही मधली तऱ्हा आहे आणि “रिड्यूसिंग आहे” असे सांगून ती खपून जाते, म्हणून शिल्लक दरमहा घटते का, हा प्रश्न वेगळा विचारावा.

पाचवी पायरी : मुदतीआधी फेडायचे असल्यास

आपल्याकडे उत्पन्न दरमहा न येता पीक विकल्यावर येते, त्यामुळे चांगला हंगाम गेला की कर्ज एकदम मिटवून टाकण्याकडे ओढा असतो. औशाच्या त्या तरुणाने बारा हप्ते भरले, पुढचे सोयाबीनही बऱ्या भावाने गेले आणि तो कंपनीत खाते बंद करायला गेला. त्याचा हिशोब सरळ होता: निम्मी मुदत संपली, तेव्हा मुद्दल ३६,००० रुपये उरले असणार. कंपनीने त्याला ३९,८३४ रुपये शिल्लक सांगितली आणि त्याला वाटले की आपल्याला लुबाडले.

इथे कंपनीचा हिशोब चुकलेला नाही. हप्ता फ्लॅट पद्धतीने सांगितला असला तरी खाते घटत्या शिलकीने २१.५७ टक्क्यांवर ठेवलेले असते. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ७२,००० वरचे व्याजच सुमारे १,२९४ रुपये होते आणि मुद्दलात जेमतेम २,४२६ रुपये जातात, ३,००० जात नाहीत. अशा बारा हप्त्यांत भरलेल्या ४४,६४० रुपयांपैकी सुमारे १२,४७० रुपये व्याजात गेले आणि मुद्दल ३२,१७० च्या आसपासच फिटले. सुरुवातीला मिळालेल्या वेळापत्रकात बाराव्या ओळीपुढे हीच शिल्लक लिहिलेली असते. सहीच्या दिवशी ती ओळ पाहिली असती, तर हा धक्का बसला नसता.

काही ठिकाणी याहून वाईट हिशोब समोर येतो. उरलेले मुद्दल ३६,००० आणि त्यावर पुढच्या बारा महिन्यांचे न लागलेले व्याज ८,६४० असे मिळून ४४,६४० रुपये मागितले जातात. ही रक्कम उरलेल्या बारा हप्त्यांच्या बेरजेएवढीच आहे, म्हणजे एक वर्ष आधी पैसे भरून एक रुपयाही वाचला नाही. असे असेल तर मुदतीआधी फेडण्यात काहीच हशील नाही. ती रक्कम आपल्याच खात्यात ठेवून हप्ते चालू ठेवलेले बरे. म्हणून कर्ज घेण्यापूर्वीच दोन गोष्टी लेखी विचारून ठेवाव्यात: अमुक हप्त्यानंतर खाते बंद केल्यास किती रक्कम भरावी लागेल, आणि त्यावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क किती लागेल. दुचाकीचे कर्ज बहुधा स्थिर दराचे असते, तेव्हा असे शुल्क असण्याची शक्यता धरूनच चालावे आणि ते वाचणाऱ्या व्याजातून वजा करावे. आपल्या उदाहरणात ३९,८३४ रुपये भरले तर पुढचे सुमारे ४,८०० रुपये व्याज वाचते. शुल्क याच्या जवळपास जात असेल तर घाई करण्याचे कारण उरत नाही.

खाते बंद करताना सांगितलेली रक्कम आणि वेळापत्रकातली शिल्लक यांत शुल्काने न भरून निघणारी तफावत दिसली, तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत माहितीपत्रक, वेळापत्रक आणि भरलेल्या हप्त्यांचा उतारा जोडावा लागतो. पतसंस्थेविरुद्धची तक्रार लोकपालाकडे चालत नाही, ती तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात द्यावी.